‘पोस्ट काढून टाकण्यात आली आहे’

शनिवारी सकाळी सव्वाआठला माझ्या फोनवर एक ईमेल आला. तो मला लिहिलेला नव्हता. उत्पादन नियोजन विभागातल्या एका इंजिनिअरने तो आदल्या रात्री आपल्या मॅनेजरला पाठवला होता आणि मॅनेजरने वर ‘मॅडम, जरा बघाल का?’ एवढंच लिहून माझ्याकडे पुढे ढकलला होता. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चाकण पट्ट्यातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा कंपनी सेक्रेटरी होते. कंपनी फार मोठी नव्हती, पण शेअर बाजारात नोंदलेली होती. त्यामुळे कंपनीबद्दलची कुठली माहिती कधी आणि कोणासमोर जावी हे बघणं माझ्या कामाचा भाग होता.

ईमेल अर्थातच इंग्रजीत होता. मराठीत त्याचा ऐवज असा: ‘सर, आज संध्याकाळी माझ्याकडून लिंक्डइनवर कंपनीसंबंधी एक पोस्ट अनवधानाने टाकली गेली. चूक लक्षात येताच ती तात्काळ काढून टाकण्यात आली आहे. आता ती कुठेही दिसत नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. पुढे अशी चूक होणार नाही याची काळजी घेतली जाईल.’

पाच वाक्यं. नम्र, शुद्ध, आणि माझ्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. तो मुलगा लबाड होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. नोकरीत चूक झाली की कसं लिहायचं हे आपण ज्या नमुन्यांवरून शिकतो ते नमुनेच असे आहेत. त्यात पोस्ट टाकली जाते, काढली जाते, काळजी घेतली जाते. टाकणारा, काढणारा, काळजी घेणारा कोणी दिसत नाही. आपल्या भाषेलाही या वळणाची आवड आहे. मराठीत चूक ‘होते’, जशी संध्याकाळ होते. ‘मी चूक केली’ म्हणताना जीभ अडखळते. ‘माझ्या हातून चूक झाली’ म्हटलं की हात वेगळा आणि आपण वेगळे. घरच्या बोलण्यात यातलं मार्दव मला आवडतं. पण शनिवारी सकाळी मला मार्दव नको होतं. पोस्टमध्ये काय होतं, ती किती वाजता गेली, किती वाजता निघाली आणि मधल्या वेळात कोणी पाहिली, हे मला हवं होतं. त्या पाच वाक्यांत यातलं एकही उत्तर नव्हतं.

मी त्याला फोन केला. अर्ध्या तासाच्या बोलण्यातून जे बाहेर आलं ते असं. शुक्रवारी दुपारी कारखान्यात टाउनहॉल झाला होता, म्हणजे सगळ्यांना एकत्र बोलावून वरिष्ठ बोलतात ती सभा. त्यात एका परदेशी वाहन कंपनीची मोठी ऑर्डर ‘आपल्या खिशात आहे’ असं माईकवरून सांगण्यात आलं. टाळ्या झाल्या. संध्याकाळी नियोजन विभागातल्या सहा जणांनी फोटो काढला. मागे फळा होता आणि फळ्यावर त्या ग्राहकाचं नाव, भागाचा क्रमांक, दरमहा १८,००० सेट हा आकडा आणि उत्पादन सुरू करायचा महिना लिहिलेला होता. सात वाजून दहा मिनिटांनी हा फोटो ‘कंपनीच्या इतिहासातली सर्वांत मोठी ऑर्डर’ अशा ओळीसह लिंक्डइनवर गेला. नऊ पंचविसाला एका सहकाऱ्याने फोन करून ‘अरे, हे बाहेर सांगितलंय का आपण?’ असं विचारलं. तेव्हा त्याने पोस्ट डिलीट केली. म्हणजे ‘तात्काळ’चा अर्थ सव्वादोन तास.

बाहेर आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. बोलणी जवळजवळ पूर्ण झाली होती, पण करारावर सह्या पुढच्या बुधवारी व्हायच्या होत्या. म्हणजे पोस्टमध्ये दोन चुका होत्या आणि त्या दोन वेगळ्या जातीच्या होत्या. एक, जे अजून जाहीर व्हायचं होतं ते जाहीर झालं. दोन, जे अजून घडलंच नव्हतं ते घडलं म्हणून सांगितलं गेलं. पहिली चूक घाईची, दुसरी खोटेपणाची, जरी त्या मुलाला ते खरंच वाटत होतं तरी. डिलीटचं बटण दाबताना हा फरक लक्षात येत नाही, कारण बटण एकच असतं. पण घाईने सांगितलेली खरी गोष्ट मागे घेता येत नाही, आणि चुकीची गोष्ट नुसती मागे घेऊन दुरुस्त होत नाही. ज्यांनी ‘ऑर्डर मिळाली’ असं वाचलं त्यांच्या डोक्यात ती मिळालेलीच राहिली. पोस्ट गायब झाल्याचं त्यांना कळलंही नसेल. आणि कळलंच, तर ‘खरं आहे म्हणूनच काढली’ असा अर्थ त्यांनी लावला असेल. बाजारात तो अर्थ फार लवकर लावला जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. सेबीचे अंतर्गत व्यवहार प्रतिबंधाचे २०१५चे नियम आहेत. भावावर परिणाम करू शकेल अशी अप्रकाशित माहिती काही मोजक्या लोकांना आधी कळू नये, यासाठी ते आहेत. त्यांच्या एका परिशिष्टात कंपन्यांनी माहिती कशी जाहीर करावी याची तत्त्वं दिली आहेत. त्यातलं एक असं, की अशी माहिती निवडक लोकांना, अनवधानाने किंवा अन्य कुठल्याही प्रकारे उघड झाली, तर ती तत्परतेने सर्वांना उपलब्ध करून द्यावी. पहिल्यांदा वाचताना मीही थबकले होते. सामान्य माणसाची बुद्धी सांगते की सांडलेलं पुसून टाका. नियम सांगतो की चार जणांना कळलंय ना, मग आता चाळीस हजारांना सांगा.

त्यामागचा विचार सरळ आहे. शुक्रवारी सात ते साडेनऊच्या दरम्यान ज्यांनी पोस्ट पाहिली ते आणि ज्यांनी पाहिली नाही ते, असे दोन गट पडले. पोस्ट जागेवर असती तर निदान दुसऱ्या गटातल्या कोणाला ती सापडण्याची शक्यता होती. ती काढल्यावर तीही गेली. पहिल्या गटाकडची माहिती तशीच राहिली, दुसऱ्या गटासमोरचं दार बंद झालं. म्हणजे नुसतं डिलीट केल्याने, ज्या विषमतेबद्दल हे सगळे नियम आहेत ती विषमता पक्की होते. मग काढू नये का? काढावी, नक्की काढावी. पाहणाऱ्यांचा आकडा वाढत जाणं थांबायलाच हवं. पण ते अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे सर्वांना काय सांगायचं, कधी सांगायचं, ग्राहकाशी आधी बोलायचं का, हे त्या इंजिनिअरच्या हातात नाही, त्याच्या मॅनेजरच्याही नाही. ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत काम पोचवणं, एवढ्यासाठी हा ईमेल लिहायचा असतो.

अमेरिकेत २०१२ साली हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी ३ जुलैला आपल्या फेसबुक पानावर लिहिलं की जून महिन्यात प्रेक्षकांनी पहिल्यांदाच एक अब्ज तासांहून अधिक पाहिलं. दोन-तीन ओळी, सहकाऱ्यांचं कौतुक करण्याच्या ओघात. पानाला दोन लाखांहून अधिक लोक जोडलेले होते. पोस्टच्या वेळी ७०.४५ डॉलर असलेला शेअर पुढच्या व्यवहाराच्या दिवशी ८१.७२ डॉलरवर बंद झाला. सकाळपासून तो चढतच होता, त्यामुळे सगळं श्रेय पोस्टला देता येत नाही. पण अमेरिकेच्या बाजार नियामकाने चौकशी केली. पोस्ट काढली की ठेवली याला त्या चौकशीत फारसं महत्त्व नव्हतं. ही माहिती मिळण्याची जागा हे फेसबुक पान आहे असं गुंतवणूकदारांना आधी सांगितलं होतं का, एवढंच विचारलं गेलं. एप्रिल २०१३मध्ये नियामकाने कारवाई न करता अहवाल काढला आणि म्हटलं की समाजमाध्यमांवर माहिती द्यायला हरकत नाही, मात्र कुठे बघायचं हे गुंतवणूकदारांना आधी माहीत हवं. दोन लाख हा आकडा मोठा वाटतो, पण तो ‘सर्व’ नव्हे. आमच्या मुलाच्या पोस्टचा आकडा तर दोन हजारांच्याही आत होता.

‘अनवधानाने’ या शब्दाबद्दल इथेच बोलून घेते. असं एकही खुलाशाचं पत्र मी वाचलेलं नाही ज्यात तो नव्हता. लिहिणाऱ्याला वाटतं की हा शब्द ढाल आहे. पण नियमाने तो आधीच हिशेबात धरला आहे. ‘अनवधानाने किंवा अन्य प्रकारे’ असं लिहून हेतूचा प्रश्न त्या पायरीपुरता बाजूला ठेवला आहे. गळती मुद्दाम झाली की चुकून, पुढचं काम तेच. हेतू महत्त्वाचा ठरतो शिक्षेच्या वेळी, आणि ती वेळ बरीच नंतर येते. शनिवारी सकाळी सव्वाआठला ‘अनवधानाने’ या शब्दाने मला काहीही सांगितलं नाही. ‘टाउनहॉलमध्ये ऐकलं म्हणून मला वाटलं की जाहीर झालंय’ या वाक्याने खूप काही सांगितलं असतं. तो शब्द मनाची अवस्था सांगतो, हे वाक्य कारण सांगतं. कारण कळलं की गळती अजून कुठे झाली असेल हे शोधता येतं, कारण त्या सभेत तो एकटाच बसला नव्हता.

आता ‘आता ती कुठेही दिसत नाही’ या वाक्याकडे वळू. ते त्याने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यात बघून लिहिलं होतं. प्रामाणिकपणे लिहिलं होतं, पण स्वतःच्या खात्यातून बघणं म्हणजे आपण मारलेलं कुलूप आतूनच तपासणं. मी त्याला तीन गोष्टी करायला सांगितल्या. पोस्टची लिंक अशा ब्राउझरमध्ये उघडायची जिथे कोणतंच खातं चालू नाही. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव एकत्र टाकून शोधायचं; पान गेलं तरी शोधाच्या निकालात त्याचा जुना मजकूर काही काळ रेंगाळतो, आणि तो ताजा करून घेण्यासाठी गूगलकडे वेगळी विनंती करता येते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती, ती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. कोणी लिंक पाठवली की तिच्यासोबत छोटा फोटो आणि पहिल्या ओळी जातात, आणि तो तुकडा संदेशाचाच भाग म्हणून समोरच्याच्या फोनमध्ये राहतो. मूळ पोस्ट गेली म्हणून तो जात नाही. त्याने स्वतःच ती लिंक कॉलेजच्या ग्रुपवर टाकली होती. तो ते विसरला होता. फोटोच्या तुकड्यात फळ्यावरचं नाव वाचता येत होतं.

ग्रुपवरचा आपला संदेश सर्वांसाठी डिलीट करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपने ही मुदत २०२२मध्ये वाढवून दोन दिवसांहून थोडी अधिक केली आहे. त्याने तो शनिवारी सकाळी काढला. तिथे ‘हा संदेश डिलीट केला आहे’ अशी खूण राहिली आणि दोघांनी ‘काय होतं रे?’ विचारलं. पुढे कोणी तो आधीच दुसरीकडे पाठवला असेल तर त्यावर कोणाचाच ताबा नव्हता. ईमेलमध्ये हे असंच लिहायचं असतं: इथून काढलं, इथे खूण आहे, यापुढचं मला कळायला मार्ग नाही. ‘कुठेही नाही’ हे वाक्य कोणालाच खरेपणाने लिहिता येत नाही, आणि ते लिहिलं की वाचणारा बाकीच्या वाक्यांवरही संशय घेऊ लागतो.

आणखी एक चूक त्याने केली, जी जवळजवळ प्रत्येक जण करतो. आधी डिलीट केलं, मग विचार केला. पोस्टबरोबर तिला किती जणांनी पाहिलं हा आकडा गेला, प्रतिक्रिया देणाऱ्यांची नावं गेली, खालची सगळी चर्चा गेली. हे सगळं स्क्रीनशॉट घेऊन ठेवायला दोन मिनिटं लागली असती. या दोन मिनिटांवरून माझे सहकाऱ्यांशी वाद झाले आहेत. त्यांचं म्हणणं, आग लागली असताना फोटो कसले काढता? मला हे पटत नाही. सव्वादोन तास जगासमोर असलेली गोष्ट आणखी दोन मिनिटं राहिल्याने फार काही बदलत नाही. ती काय होती आणि कोणी पाहिली याचा पुरावा गेल्याने मात्र पुढची सगळी चौकशी आठवणीवर चालते. फेसबुकवर पोस्ट ‘फक्त मी’ अशी करून ठेवता येते, इन्स्टाग्रामवर संग्रहात टाकता येते. लोकांपासून लपते आणि आपल्याकडे शाबूत राहते. सगळीकडे ही सोय नसते. नसेल तिथे आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट. अपवाद एकच: पोस्टमध्ये कोणाचा पासवर्ड, कोणाचा आजार, कोणाचा पत्ता असेल तर दोन सेकंदही थांबू नये.

आमचं नशीब असं, की ज्या सहकाऱ्याने त्याला फोन केला त्याने आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवले होते. ते माझ्याकडे दहाच्या सुमाराला आले. पाहिल्याची संख्या त्यांत नव्हती, ती फक्त पोस्ट टाकणाऱ्यालाच दिसते. त्याला आठवत होतं की हजाराच्या थोडी वर होती. पण खालची चर्चा होती. तेवीस टिप्पण्यांमध्ये बहुतेक अभिनंदनं. एक टिप्पणी मात्र त्याच्या जुन्या सहकाऱ्याची होती, जो आता एका शेअर दलालाच्या कार्यालयात काम करत होता. त्याने विचारलं होतं, ‘साइन झालं?’ आणि त्याखाली आमच्या मुलाचं उत्तर, ‘हो, फायनल!’

ते उत्तर त्याने ईमेलमध्ये लिहिलं नव्हतं, फोनवरही सांगितलं नव्हतं. विचारल्यावर बराच वेळ शांत राहिला, मग म्हणाला, ‘मॅडम, ती पोस्ट नव्हती ना, कमेंट होती.’ मला वाटतं तो खरंच असा विचार करत होता. पोस्ट म्हणजे आपण चारचौघांत केलेलं भाषण आणि टिप्पणी म्हणजे नंतर कट्ट्यावर मारलेल्या गप्पा. पण वजन नेमकं उलटं आहे. पोस्टमध्ये उत्साह होता. वाचणारा त्यातले दहा टक्के कापून घेतो. टिप्पणीत माहितीच्या धंद्यात असलेल्या माणसाचा नेमका प्रश्न होता आणि कंपनीच्या कर्मचाऱ्याचं नेमकं, ठाम, चुकीचं उत्तर होतं. पोस्टने फळा दाखवला, टिप्पणीने शिक्का मारला. मूळ पोस्ट काढली की तिच्याखालची उत्तरंही सोबत जातात. त्यामुळे ती सांगायची की नाही हे पूर्णपणे लिहिणाऱ्यावर राहतं. असा ईमेल खरा आहे की नाही हे मी पुढे नेहमी याच एका जागी तपासत आले: त्यात स्वतःच्या उत्तरांचा उल्लेख आहे का?

उगम लिहून ठेवण्याला एवढं महत्त्व का, हे समजायला आपल्याकडचंच एक प्रकरण पुरेसं आहे. २०१७च्या अखेरीस बातमी आली की काही कंपन्यांचे तिमाही निकाल जाहीर होण्याआधीच त्यांचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. सेबीने छापे घातले, फोन तपासले, संदेश पुढे पाठवणाऱ्या काही जणांना दंड केला. मार्च २०२१मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ते आदेश रद्द केले आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेबीचं अपील फेटाळलं. आकडे प्रत्यक्ष निकालांच्या अगदी जवळचे होते, पण संदेश कंपनीतूनच बाहेर पडला होता हे सिद्ध करता आलं नाही. बाजारात रोज असे कितीतरी अंदाज फिरतात. हा अंदाज होता की गळती, हे संदेशाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. एकदा चार फोन ओलांडले की मूळ धागा सापडत नाही. तो सापडतो फक्त पहिल्या ठिकाणी, पहिल्या तासांत, ज्याच्या हातून तो सुटला त्याच्याकडे.

दुपारी मी त्याला तो ईमेल पुन्हा लिहायला सांगितला. ‘कसा लिहू?’ असं त्याने विचारलं तेव्हा मी त्याला शॉप फ्लोअरवरच्या शिफ्टच्या रजिस्टरची आठवण करून दिली. रात्रपाळी सुटताना सुपरवायझर लिहितो: चार नंबरच्या मशीनला तेल गळतंय, पुसलं, सील बदललं, तरी थेंब येतोय, कारण कळलं नाही. तो तिथे दिलगिरी व्यक्त करत नाही, पुढे काळजी घेईन असंही लिहीत नाही. येणाऱ्याला मशीन कोणत्या अवस्थेत मिळतंय ते सांगतो. त्याला हे लगेच समजलं. दुसरा ईमेल मराठीत आणला तर साधारण असा होता:

‘सर, शुक्रवारी संध्याकाळी ७.१० वाजता मी माझ्या लिंक्डइन खात्यावर विभागाचा फोटो टाकला. फोटोतल्या फळ्यावर ग्राहकाचं नाव, भागाचा क्रमांक, दरमहा १८,००० सेट आणि उत्पादन सुरू होण्याचा महिना वाचता येतो. मजकुरात मी ही कंपनीची सर्वांत मोठी ऑर्डर असल्याचं लिहिलं. दुपारच्या टाउनहॉलमध्ये ही ऑर्डर मिळाल्याचं ऐकलं होतं आणि ते बाहेरही जाहीर झालं आहे असं मी धरून चाललो. मी कोणाला विचारलं नाही.

‘एका परिचिताने करार झाला का असं विचारलं. तो शेअर दलालाकडे काम करतो. मी “हो, फायनल” असं उत्तर दिलं. करार झाल्याची मला माहिती नव्हती. त्याच्याशी यापलीकडे बोलणं झालेलं नाही.

‘९.२५ला सहकाऱ्याचा फोन आल्यावर मी पोस्ट डिलीट केली. त्याआधी स्क्रीनशॉट घेतले नाहीत. सहकाऱ्याने घेतलेले सोबत जोडले आहेत. पोस्ट हजाराहून थोड्या अधिक वेळा पाहिली गेली असं आठवतं, खात्री नाही. चार जणांनी ती पुढे शेअर केली होती. त्या चौघांना मी आज फोन केले, तिघांनी आपल्याकडे काही उरलं नसल्याचं सांगितलं, एकाने फोन उचलला नाही. हीच लिंक मी कॉलेजच्या ग्रुपवरही टाकली होती, ती आज सकाळी ९ वाजता काढली. ग्रुपवर ४१ जण आहेत. पुढे कोणी पाठवली का हे मला सांगता येत नाही.

‘माझ्याकडे किंवा माझ्या घरच्यांकडे कंपनीचे शेअर नाहीत. मी नवीन काहीही पोस्ट केलेलं नाही आणि विचारल्याशिवाय करणार नाही, खुलासासुद्धा.’

शेवटचा शब्द माझ्या आग्रहाने आला. चूक कळल्यावर माणसाला दुसरी पोस्ट टाकून सावरायचा मोह होतो: ‘माझी आधीची पोस्ट चुकीची होती, अशी ऑर्डर मिळालेली नाही.’ असं लिहिलं असतं तर बोलणी फिसकटली अशी नवीन अफवा उठली असती, आणि तीही कर्मचाऱ्याच्याच तोंडून.

या ईमेलवर मॅनेजरचा आक्षेप आला तो टाउनहॉलच्या वाक्यावर. ‘एवढं वाक्य काढून टाकू या,’ ते म्हणाले, ‘उगीच वरच्यांना बोट दाखवल्यासारखं होतं. त्याने चूक कबूल केली, विषय संपला.’ त्यांची अडचण मला समजत होती. ज्यांनी माईकवरून ‘खिशात आहे’ म्हटलं त्यांच्याच टेबलावर हा कागद जाणार होता. पण खरी गळती सात दहाला सुरू झालीच नव्हती. सह्या व्हायच्या आधी एक गोपनीय व्यवहार, ज्यांना तो कळण्याचं कामाच्या दृष्टीने काही कारण नव्हतं अशा काही शे लोकांसमोर सांगितला गेला, तो दुपारीच. पोस्ट हे त्या गळतीचं बाहेर दिसलेलं टोक. ते वाक्य काढलं असतं तर ईमेल खोटा झाला नसता, फक्त त्यातलं कारण नाहीसं झालं असतं आणि उरला असता एक बेजबाबदार तरुण. पोस्टइतक्याच सहजपणे वाक्यंही डिलीट होतात. तसं झाल्यावर आम्ही एका माणसाचं खातं तपासून समाधानाने घरी गेलो असतो आणि त्या सभेतल्या इतरांकडे कोणी पाहिलं नसतं. मी ते वाक्य राहू दिलं. दुसरं वाक्य, ‘मी कोणाला विचारलं नाही,’ हेही राहिलंच होतं; त्याने स्वतःचा वाटा लपवलेला नव्हता.

यावर एक रास्त प्रश्न आहे. असं सगळं लिहून देणारा माणूस स्वतःच्याच हाताने आपल्याविरुद्धचा पुरावा तयार करतो. पाच वाक्यांचा पहिला ईमेल त्याच्या दृष्टीने सुरक्षित नव्हता का? काही अंशी होता, हे मान्य करायला हवं. सविस्तर लिहिल्याने माफी मिळते असा कुठलाही नियम नाही. पण तो पुरावा दुसरीकडे तयार झालेलाच होता: सहकाऱ्याच्या फोनमध्ये, दलालाकडच्या मित्राच्या नजरेत, ४१ जणांच्या ग्रुपमध्ये. त्यातलं काहीही सहा महिन्यांनी समोर आलं असतं तेव्हा त्याच्याशेजारी ‘तात्काळ’ आणि ‘कुठेही दिसत नाही’ ही वाक्यं ठेवून पाहिली गेली असती. तेव्हा प्रश्न चुकीचा राहिला नसता, लपवण्याचा झाला असता.

शुक्रवारची संध्याकाळ होती ही एक मोठीच सवलत होती. बाजार साडेतीनला बंद झालेला, पुढचा व्यवहार सोमवारी सकाळी सव्वानऊला. हीच पोस्ट मंगळवारी सकाळी अकराला गेली असती तर मी हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता. शनिवारी दुपारी परदेशी ग्राहकाला कळवलं. गोपनीयतेचा करार होता, त्यांचे वकील नाराज झाले आणि ते स्वाभाविक होतं. रविवारी संध्याकाळी दोन्ही शेअर बाजारांना निवेदन पाठवलं, की अशा ग्राहकाशी बोलणी चालू आहेत, कुठलाही करार झालेला नाही, समाजमाध्यमांवर आलेल्या आकड्यांना कंपनी दुजोरा देत नाही. ज्यांना हा व्यवहार माहीत होता त्या सगळ्यांना कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री बंद केली, आणि त्या यादीत टाउनहॉलला हजर असलेल्यांची नावं घालावी लागली. ती यादी करताना मनुष्यबळ विभागाचा रविवार गेला. ऑर्डर मिळणं किंवा रद्द होणं तेव्हा नियमातल्या यादीत नावानिशी नव्हतं; नेहमीच्या व्यवहारापलीकडच्या कंत्राटांचा तसा स्पष्ट उल्लेख १० जून २०२५पासून आला. तेव्हा आम्ही व्यापक व्याख्येवरून निर्णय घेतला. त्यावर संचालकांमध्ये मतभेद होते, आणि एक-दोघांना मी राईचा पर्वत करते आहे असं वाटलं.

सोमवारी शेअर सकाळी थोडा वर गेला आणि दुपारपर्यंत जागेवर आला. सह्या बुधवारऐवजी आणखी नऊ दिवसांनी झाल्या. त्या मुलाला लेखी ताकीद मिळाली, पगारवाढीवर परिणाम झाला नाही. गळतीची चौकशी करून सेबीला कळवावं लागतं, तसं कळवलं. त्या अहवालाला सात जोडपत्रं होती. पहिलं जोडपत्र त्याचा दुसरा ईमेल होता, टाउनहॉलच्या वाक्यासह. दुसरं जोडपत्र त्या सभेत माईकवर बोललेल्या अधिकाऱ्याचं निवेदन होतं, आणि त्याची पहिली ओळ वाचून मला हसू आवरलं नाही: ‘माझ्याकडून अनवधानाने उल्लेख केला गेला.’